‘माहीत नाही’चा रकाना

आमच्या दुकानातल्या वहिनी म्हणजे माझ्या सख्ख्या थोरल्या भावाची बायको. दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्यांना वहिनीच म्हणतं. मला मात्र कोणी भावोजी म्हणत नाही, ‘ओ दुकानदार’ म्हणतात. दुकान माझं, पाटीवर नाव माझं, आणि लोक दारातून डोकावून विचारतात, ‘वहिनी आहेत का?’ नसल्या तर मागच्या मागे जातात. याचा राग यायला हवा. सुरुवातीला यायचाही.

आम्ही जुने फोन विकत घेतो, दुरुस्त करतो, साफ करतो आणि पुन्हा विकतो. या धंद्यात रिफर्बिश्ड असा भारदस्त शब्द आहे. त्या शब्दाच्या पोटात काय काय खपतं ते विचारू नका. कोणी स्क्रीनवर फडकं फिरवतो आणि रिफर्बिश्ड म्हणतो, कोणी आतले चार भाग बदलतो आणि तेच म्हणतो. मी स्वतः दहा वर्षं एकाच वाक्यावर दुकान चालवलं होतं. ‘एकदम नव्यासारखा, डोळे झाकून घ्या.’ गिऱ्हाईक खरंच डोळे झाकून घ्यायचं, घरी जाऊन उघडायचं आणि तिसऱ्या दिवशी भांडायला यायचं. मग अर्धा दिवस भांडणात आणि उरलेला अर्धा पुढच्या गिऱ्हाइकाला तेच वाक्य ऐकवण्यात जायचा. धंदा असाच असतो, अशी माझी पक्की समजूत होती.

वहिनी आल्या त्या या भांडणांमुळेच. त्या आधी बावीस वर्षं एका मोठ्या लाँड्रीच्या काउंटरवर होत्या. कपडे घेताना पावती करणं हे त्यांचं काम. ती पावतीही साधी नाही. ‘कोट एक, निळा. डाव्या बाहीला शाईचा डाग, जुना. तिसरं बटण नाही. अस्तर खिशापाशी उसवलेलं.’ गिऱ्हाइकासमोर वाचून दाखवायच्या आणि मगच कपडा आत जायचा. त्यामुळे परत देताना ‘हा डाग तुम्हीच पाडलात’ असं म्हणायची कोणाची टाप नव्हती. लाँड्री बंद झाली, वहिनी घरी बसल्या आणि पंधरा दिवसांत दादा माझ्याकडे आला. म्हणाला, तिला काहीतरी काम दे, ती घरातल्या भांड्यांचे पोचे मोजायला लागली आहे.

मी त्यांना फोन पुसायला बसवलं. पहिल्याच दिवशी त्यांनी टेबलावरचा दिवा जवळ ओढला, फोन आडवा धरला, उभा धरला, तिरका केला, आणि लाँड्रीच्या सवयीने एका चिठ्ठीवर लिहून काढलं. ती पहिली चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. ‘काळा फोन. स्क्रीनला बारीक ओरखडे चार, स्क्रीन बंद असताना दिसतात, चालू केल्यावर दिसत नाहीत. खालच्या उजव्या कोपऱ्याला तांदळाएवढा पोचा. मागची काच चांगली. कॅमेऱ्याच्या कडेला रंग उडालेला. आवाजाचं बटण जरा कडक आहे, चालतं.’ मी ती चिठ्ठी वाचून कपाळाला हात लावला. म्हणालो, वहिनी, आपण हा विकणार आहोत, याच्यावर फिर्याद गुदरणार नाही. त्या म्हणाल्या, मग घेणाऱ्याला हे कळायला नको का? मी म्हणालो, कळेल की हळूहळू.

तेवढ्यात एक बाई आल्या, त्यांनी फोन पाहिला, चिठ्ठी वाचली, कोपऱ्यावर नखाने तांदळाएवढा पोचा चाचपला आणि एका शब्दाचीही घासाघीस न करता पैसे दिले. दहा वर्षांत असं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून चिठ्ठी सुरू झाली, ती कायमची.

हळूहळू वहिनींनी सगळी पद्धतच बसवली. आमच्या दुरुस्तीवाल्याला आम्ही डॉक्टर म्हणतो. तो मागच्या खोलीत भिंग लावून बसतो आणि माणसांशी शक्य तेवढं कमी बोलतो. डॉक्टरकडून फोन आला की वहिनी पांढरी, काळी, लाल, हिरवी, निळी अशी स्क्रीन लावून मेलेले, म्हणजे न उजळणारे ठिपके शोधतात. सगळी बटणं दाबतात. स्वतःलाच फोन लावून ‘हॅलो, मी बोलतेय, ऐकू येतंय का’ असं विचारतात आणि येतंय असं उत्तरही देतात. दोन्ही कॅमेऱ्यांनी माझा फोटो काढतात, त्यामुळे माझे कंटाळलेल्या चेहऱ्याचे हजारो फोटो निघाले आणि पुसले गेले असतील. आधीच्या मालकाचं खातं पूर्ण निघालं आहे ना, फोनचा कंपनीने दिलेला नंबर चोरीच्या यादीत नाही ना, हे बघितल्याशिवाय पुढे जात नाहीत. बॅटरी मूळ असेल तर तिची क्षमता किती टक्के उरली ते लिहितात. बदललेली असेल तर तसं लिहितात, आणि कुठल्या कंपनीची आहे तेही. खाली एक ओळ असते: ‘सेटिंगमध्ये अनोळखी बॅटरी असा निरोप दिसेल, त्याचं कारण हेच, घाबरू नये.’

मग दर्जा. अ, ब आणि क. हातभर अंतरावरून काहीच दिसत नसेल तर अ. स्क्रीन बंद असताना बारीक ओरखडे दिसत असतील तर ब. स्क्रीन चालू असतानाही दिसत असतील किंवा बोटाला पोचे लागत असतील तर क. याबाबत त्यांचा एक हट्ट आहे. दर्जा दिसण्याचा, चालण्याचा नाही, असं त्या प्रत्येकाला सांगतात. क दर्जाचा फोन म्हणजे अर्धवट चालणारा फोन नव्हे, चालायला तिन्ही सारखेच चालले पाहिजेत, नाहीतर तो विकायचाच नाही. मी पूर्वी ‘किरकोळ बिघाड आहे, पण किंमत बघा’ म्हणून काही फोन खपवायचो. ते सगळे त्यांनी एका खोक्यात भरून डॉक्टरकडे सुट्या भागांसाठी पाठवून दिले. मला विचारलंही नाही.

चिठ्ठीच्या खालच्या भागात किंमत आणि त्या किमतीत काय मिळतं. फोन, चार्जिंगची वायर. चार्जरचा ठोकळा नाही. कव्हर नाही. कर धरलेला आहे, घरपोच हवं असेल तर वेगळे पैसे. आणि वॉरंटी. बिलाच्या तारखेपासून सहा महिने, आतला भाग आपोआप बिघडला तर दुरुस्ती फुकट, दुरुस्त नाही झाला तर तेवढ्याच दर्जाचा दुसरा फोन किंवा पैसे परत. पडला, दबला, पाणी गेलं, तर वॉरंटी नाही. शेवटी वहिनींची सही. मूळ चिठ्ठी गिऱ्हाइकाला, कार्बनची नक्कल आमच्या वहीत. मी कौतुकाने म्हणायचो, सही तुमची, म्हणजे चूकही तुमची. त्या हसायच्या. आता ते बोलणं आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

चिठ्ठीमुळे भांडणं बंद झाली, गिऱ्हाईक वाढलं, आणि एक दिवस मेट्रनबाई आल्या. पूर्वी मोठ्या रुग्णालयात मेट्रन होत्या, आता घरोघरी जाऊन आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या नर्सेसची संस्था चालवतात. उंच, पांढरे केस, आणि नजर अशी की मी आपसूक शर्टाचं वरचं बटण लावलं. त्यांना नर्सेससाठी वीस फोन हवे होते. त्यांनी वहिनींच्या पंधरावीस चिठ्ठ्या उभ्या उभ्या वाचल्या, दोन फोन चिठ्ठीशी ताडून बघितले आणि म्हणाल्या, असेच वीस द्या, ब दर्जा चालेल. आमच्या दुकानाच्या जन्मातली ही सगळ्यात मोठी विक्री. आलेल्या पैशांतून मी लगेच पुढचा माल भरला, दुकानाचं वर्षाचं भाडं दिलं आणि घरी जाऊन बायकोसमोर छाती फुगवून चाललो.

आता माझा पराक्रम सांगतो. त्याच सुमारास रस्त्यापलीकडे एक चकाचक दुकान उघडलं. त्यांच्या जाहिरातीत प्रत्येक फोनखाली ठळक अक्षरांत होतं, पाणी आणि धूळ यांपासून संरक्षण. आमचेही फोन त्याच मॉडेलचे. माझा जीव खालीवर व्हायला लागला. मी वहिनींना म्हणालो, आपल्याही चिठ्ठीवर ही ओळ घाला. त्यांनी विचारलं, हे तपासलं कोणी? मी म्हणालो, कंपनीने तपासलंय, फोनच्या खोक्यावर छापलंय, आपण कोण विचारणारे. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खोक्याकडे पाहिलं, आणि ओळ लिहायला लागल्या. दोन महिने ती ओळ चिठ्ठ्यांवर गेली. मेट्रनबाईंच्या वीसही चिठ्ठ्यांवर.

मग प्लंबर आला. आमच्याच गल्लीतला, सगळ्यांच्या घरचे नळ त्यानेच बसवलेले. बारा दिवसांपूर्वी त्याने फोन घेतला होता. तो काउंटरवर ठेवून म्हणाला, चालू होत नाही. मी विचारलं, काय केलंत? तो म्हणाला, काही नाही, हाताला ग्रीस होतं, फोनला लागलं, म्हणून नळाखाली धरून धुतला. मला हसू आलं, पण तोंडावर येऊ दिलं नाही. मी चिठ्ठीतली वॉरंटीची ओळ त्याच्यापुढे धरली. पाणी गेलं तर वॉरंटी नाही. त्याने शांतपणे बोट चार ओळी वर नेलं. पाण्यापासून संरक्षण. त्याने तेवढ्यासाठीच तो फोन घेतला होता. त्याचा दिवसच पाण्यात जातो, आणि फोन बंद म्हणजे कामाचे निरोप बंद.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. धंद्यातल्या माणसाकडे असतंच. मी म्हणणार होतो की संरक्षण म्हणजे शिंतोड्यांपासून, नळाखालचं धुणं म्हणजे त्यात येत नाही, वगैरे. पण वहिनी उठल्या, चिठ्ठी घेतली आणि सरळ मागच्या खोलीत डॉक्टरकडे गेल्या. मी मागोमाग गेलो. डॉक्टरने फोन उघडला, आत पाणी होतंच. वहिनींनी विचारलं, याची स्क्रीन आपण बदलली होती, त्यानंतर हा पाण्यापासून सुरक्षित राहतो का? डॉक्टर त्या दिवशी आयुष्यात सगळ्यात जास्त बोलला. फोन एकदा उघडला की कंपनीचं सील तुटतं. मी नवा गोंद लावतो, काळजीने लावतो, पण पहिल्यासारखं बसलं की नाही हे सांगायला हवेच्या दाबाचं यंत्र लागतं, ते आपल्याकडे नाही. आणि न उघडलेल्या फोनचंही सील वर्षागणिक कमजोर होत जातं, खुद्द कंपनीच ते सांगते. वहिनींनी विचारलं, मग मला आधी का नाही सांगितलंत? डॉक्टर म्हणाला, मला कोणी विचारलंच नाही.

वहिनी बाहेर आल्या आणि त्यांनी कपाटातून त्याच दर्जाचा दुसरा फोन काढून प्लंबरच्या हातात ठेवला. त्याला सांगितलं, यातही पाण्याची खात्री नाही, आम्ही लिहायला नको होतं ते लिहिलं, चूक आमची, म्हणून हा बदलून देतोय. धुवू नका. ओल्या फडक्याने पुसा. मी बाजूला दात खात उभा होतो. प्लंबर गेल्यावर मी म्हणालो, झालं ते झालं, आता ती ओळ काढून टाकू, विषय संपला.

विषय संपला नव्हता. वहिनींनी कार्बनची वही काढली आणि ती ओळ असलेल्या चिठ्ठ्यांवर खुणा करत गेल्या. सत्तावन्न निघाल्या. त्यांतल्या सदतीस गल्लीतल्या, जवळपासच्या लोकांच्या. त्यांना फोन करायला त्यांनी तिथल्या तिथे सुरुवात केली. प्रत्येकाला तेच. तुमच्या चिठ्ठीत पाण्याबद्दल लिहिलंय ते आम्ही तपासलेलं नव्हतं, फोन पाण्यापासून जपा, आणि त्या ओळीसाठीच घेतला असेल तर पंधरा दिवसांत परत करा, पूर्ण पैसे मिळतील. एका आजोबांना वाटलं लॉटरी लागली. एका मुलीने विचारलं, तुम्ही खरंच दुकानातून बोलताय ना? दुकानदार असं बोलत नाहीत. दोघांनी फोन परत केले. बाकीचे म्हणाले, आम्ही कशाला पाण्यात घालतोय, कळवलंत बरं झालं.

उरले मेट्रनबाईंचे वीस. वहिनी नंबर फिरवायला लागल्या तेव्हा मी फोनवर हात ठेवला. ते वीस फोन परत आले तर पैसे कुठून देणार? पैशांचा माल होऊन कपाटात बसला होता, भाडं गेलं होतं. दुकान महिनाभरही उभं राहिलं नसतं. मी म्हणालो, “त्यांच्याकडे एकाचा तरी फोन बंद पडलाय का?”

“नाही.”

“मग कशाला सांगायचं?”

“बंद पडेल तेव्हा तो एखाद्या आजारी माणसाच्या घरी पडेल,” वहिनी म्हणाल्या. “त्या नर्सला डॉक्टरांना फोन लावायचा असेल.”

मी आवाज चढवला. अख्ख्या घराचं पोट यावर आहे, तुम्हाला काय, तुम्ही चिठ्ठ्या लिहून मोकळ्या. हे बोलायला नको होतं. वहिनी चिडल्या नाहीत. त्यांनी चिठ्ठ्यांची वही बंद केली, वर पेन ठेवलं आणि वही माझ्या बाजूला सरकवली. “यापुढे तुम्हीच लिहा, भावोजी. अक्षर चांगलं आहे तुमचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वेळेवर आल्या, पण टेबलाशी बसल्या नाहीत. फडकं घेऊन कपाटं पुसत राहिल्या. मीही अडून बसलो. म्हटलं, चिठ्ठी लिहिणं म्हणजे काय रॉकेट उडवायचंय? पहिल्या आल्या त्या जवळच्या शाळेतल्या बाई. त्यांनी मधल्या किमतीचा एक फोन निवडला आणि चिठ्ठी मागितली. मी दिवा ओढला, फोन तिरका धरला, गंभीर चेहरा केला. मला काहीही दिसलं नाही. मी लिहिलं, ‘एकदम नव्यासारखा’. सही ठोकली.

बाईंनी वाचलं. “नव्यासारखा म्हणजे नवा नाही ना?”

“नाही.”

“मग नव्यात आणि यात फरक काय, तेच तर मला हवंय.”

मी वहिनींकडे पाहिलं. त्या कपाटाचा एकच खण पुसत होत्या, तोच तो, पाच मिनिटं. बाईंनी चिठ्ठी परत ठेवली आणि गोड आवाजात सांगितलं की वहिनी लिहितील त्या दिवशी मी येईन, मला घाई नाही. बाई गेल्या. मला आधी राग आला, मग हसू आलं, मग एकदम खरंच वाईट वाटलं. दहा वर्षांत मी किती लोकांना हे वाक्य विकलं होतं, आणि ते काही सांगत नाही हे मला एका मास्तरीणबाईंनी अर्ध्या मिनिटात दाखवलं होतं. वहिनींच्या चिठ्ठीवर लोकांचा विश्वास का, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. त्या चिठ्ठीत मी माझं वाक्य घुसडलं होतं.

मी वही उचलली आणि म्हणालो, वहिनी, चप्पल घाला, मेट्रनबाईंकडे जायचंय. त्यांनी फडकं झटकलं, घडी घालून ठेवलं आणि म्हणाल्या, थांबा, यादी घेते. यादी आदल्या दिवशीच तयार होती, फडक्याखाली.

मेट्रनबाईंच्या ऑफिसात एक टेबल, भिंतीवर नर्सेसच्या फेऱ्यांचा तक्ता आणि फिनाइलचा वास. वहिनींनी यादी पुढे ठेवली. वीसपैकी अकरा फोन आम्ही उघडलेले, सातांची बॅटरी बदललेली, चारांची स्क्रीन. उरलेले नऊ उघडलेले नाहीत, पण तेही तीन वर्षं जुने, त्यांचं सीलही आम्ही तपासलेलं नाही. पाण्याबद्दलची ओळ वीसही ठिकाणी चुकीची. जे नकोत ते आज परत घेऊ, पूर्ण पैसे देऊ. पूर्ण पैसे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

मेट्रनबाईंनी यादी वाचली. मग चष्मा काढला. “आम्हाला हे कळलंही नसतं. ही ओळ लिहिली कोणी?”

“मी,” वहिनी म्हणाल्या. “अक्षर माझंच आहे. सहीही.”

मी गप्प बसलो असतो तर तिथेच सगळं मिटलं असतं. वहिनींनी तर मला काही बोलायला सांगितलंच नव्हतं. पण सकाळचं ते ‘एकदम नव्यासारखा’ माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मी म्हणालो, “अक्षर त्यांचं, बाई. वाक्य माझं. त्यांनी विचारलं होतं, तपासलं कोणी म्हणून. मीच म्हटलं, लिहा.”

मेट्रनबाईंनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. शर्टाचं वरचं बटण मी आधीच लावलेलं होतं. मग त्या भिंतीवरच्या तक्त्याकडे वळल्या आणि बोटाने नावं मोजायला लागल्या. त्यांच्या सहा नर्सेस रोज आजाऱ्यांना आंघोळ घालतात, फोन एप्रनच्या खिशात असतो. मेट्रनबाई म्हणाल्या, त्या सहा जणींना पाण्याचा भरवसा असलेले नवेच फोन घ्यावे लागतील, तेव्हा सहा परत घ्या. बाकीच्या चौदाजणींना मी सांगते, सांभाळून वापरतील. पुढच्या वेळी फोन लागले तर तुमच्याकडे येईन की नाही ते आज सांगत नाही. एवढं बोलून त्यांनी चष्मा लावला. ना रागावल्या, ना शाबासकी दिली. सहांचे पैसे मी दोन हप्त्यांत दिले, आणि ते द्यायला मला नवा भरलेला माल स्वस्तात काढावा लागला. दुकान हललं, पण पडलं नाही.

दुकानात परत आल्याबरोबर वहिनींनी दिवा ओढला, कोऱ्या चिठ्ठीवर पट्टीने रेघा मारल्या आणि नवा नमुना तयार केला. पूर्वी दोन रकाने होते, ‘दिसतं’ आणि ‘मोजलं’. आता तिसरा आला, ‘माहीत नाही’. त्यात पहिलीच ओळ: ‘पाण्यापासून किती सुरक्षित आहे ते आम्हाला माहीत नाही. तपासायचं यंत्र नाही. कोरडा ठेवावा.’ मी म्हणालो, दुकानात माहीत नाही असं छापायचं म्हणजे कमालच झाली. डॉक्टरने मागच्या खोलीतून मान बाहेर काढली आणि म्हणाला, चांगलं आहे. त्याच्याकडून हे भाषणच.

मग त्या परत आलेल्या सहा फोनांच्या चिठ्ठ्या लिहायला बसल्या. पुन्हा सगळं तपासलं, स्वतःला सहा वेळा हॅलो म्हणाल्या, माझे बारा फोटो काढले. ओरखडे, बॅटरी, किंमत, वायर आहे, ठोकळा नाही. वॉरंटी नव्या बिलापासून सहा महिने. आणि शेवटी प्रत्येकीवर एक ओळ: ‘हा फोन एकदा विकून परत आलेला आहे. कारण, फोनमध्ये दोष नाही, आमच्या वर्णनात चूक होती.’

मी ती ओळ तीनदा वाचली. कोण घेणार हो असा फोन? पलीकडचं दुकान पाणी, धूळ, वादळ, भूकंप सगळ्यापासून संरक्षण देतंय, आणि आपण आपलीच चूक चिकटवून विकतोय. पण या वेळी मी हे मनात म्हणालो. वहिनी दुकानात आल्यापासूनच्या दोन वर्षांत एवढं तरी शिकलो होतो.

पहिला फोन घेतला शाळेतल्या बाईंनी. त्यांनी तिसरा रकाना वाचून मान डोलावली, जणू मुलाने गणित बरोबर सोडवलं होतं. चार असेच आठवड्याभरात गेले. सहाव्यासाठी आला प्लंबर, बायकोला फोन हवा म्हणून. मी तोंड उघडणार तेवढ्यात तो म्हणाला, तुम्ही काही सांगू नका, कागद द्या. तो काउंटरला टेकून कागद वाचत राहिला, बोट ओळीओळीवरून खाली नेत. शेवटच्या ओळीपाशी बोट थांबलं.

“चूक कोणाची होती?” त्याने विचारलं. प्रश्न मला नव्हता, वहिनींना होता.

“माझी,” मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मग खिशातून पैसे काढले. म्हणाला, बायकोला सांगतो, धुवू नकोस.

वहिनींनी सही केली. मग चिठ्ठी त्याला न देता माझ्याकडे सरकवली. मी पाहिलं, त्यांच्या सहीखाली पट्टीने आखलेली आणखी एक रेघ होती, कोरी. नव्या नमुन्यात ती पहिल्यापासून होती, मला दिसली नव्हती. मला असल्या गोष्टी दिसत नाहीत हे एव्हाना सगळ्यांना कळलेलं आहे. वहिनींनी पेनचं टोपण काढलं आणि पेन माझ्यापुढे धरलं.

“करा सही, भावोजी,” त्या म्हणाल्या. “वाचून करा.”

मी चिठ्ठी पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. प्लंबर थांबला होता, घाई नव्हती त्याला. तिसऱ्या ओळीपाशी मी फोन उचलला, दिव्याखाली तिरका धरला, आणि खालच्या कोपऱ्यावरचा तो बारीक ओरखडा मला दिसला.